फरमानाच्या आडून चाललेला अंमल : हैदराबाद संस्थानातील लष्करी प्रशासन, १९४८ ते १९५२

धाराशिव जिल्ह्यातील आमच्या घरी पत्र्याच्या एका पेटीत जमिनीचे जुने कागद जपून ठेवलेले आहेत. त्यांपैकी एका खरेदीखतावर साल १३५८ फसली असे आहे. मजकूर उर्दूत, घाईच्या वळणदार लिपीत लिहिलेला आहे, रक्कम सिक्का उस्मानियात, म्हणजे आपल्याकडे ज्याला हाली रुपया म्हणत त्यात मांडलेली आहे आणि तळाशी साक्षीदारांच्या सह्या मोडीत आहेत. १३५८ फसली म्हणजे ऑक्टोबर १९४८ पासून पुढचे वर्ष. भारतीय सैन्याने हैदराबाद संस्थान जिंकल्याला तेव्हा काही आठवडे किंवा फार तर काही महिने झाले होते. संस्थानाची फौज शरण आली होती, पंतप्रधान लायक अली यांचे मंत्रिमंडळ गेले होते, राज्यकारभार एका मेजर जनरलच्या हाती होता, आणि तरीही तहसिलीत नोंदवलेल्या या कागदाची भाषा, दिनदर्शिका आणि नाणे, तिन्ही गोष्टी पराभूत राजवटीच्याच राहिल्या होत्या. विजयी सैन्य पराभूत प्रदेशाचा कारभार कसा चालवते आणि तो अंमल पुढे कसा संपतो, हे समजून घेण्यासाठी या कागदाइतकी चांगली सुरुवात मला दुसरी सापडत नाही.

मराठवाड्यात १७ सप्टेंबर हा मुक्तीचा दिवस आहे आणि तो तसाच योग्य आहे. रझाकारांच्या दहशतीत ज्यांनी गावे सोडून सोलापूर, बार्शी, बुलढाण्याकडची वाट धरली, त्यांना दुसरा शब्द सुचणेही शक्य नव्हते. भारत सरकारने या मोहिमेला पोलीस कारवाई म्हटले, कारण हैदराबाद हे परके राष्ट्र आहे हे दिल्लीला मुळातच मान्य नव्हते. या दोन्ही भूमिका ठाऊक असूनही येथे मी त्या काळाकडे कारभाराच्या अंगाने, म्हणजे शस्त्रबळाने ताब्यात आलेल्या प्रदेशावरील लष्करी अंमल म्हणून पाहणार आहे. कारण पुढचे सुमारे साडेचौदा महिने संस्थानात जे घडले, ते फक्त मुक्तीच्या कथेतून उलगडत नाही.

पाच दिवस आणि त्यानंतरची पोकळी

संस्थानाचा विस्तार सुमारे ८२ हजार चौरस मैल होता आणि त्यात सोळा जिल्हे होते. १९४१ च्या शिरगणतीनुसार लोकसंख्या एक कोटी साठ लाखांच्या वर होती. १३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे मुख्य तुकडी मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या हाताखाली सोलापूरकडून आत शिरली आणि बोरी नदीवरचा पूल शाबूत हाती घेऊन तिने नळदुर्ग काबीज केले. दुसऱ्या तुकड्या औरंगाबाद आणि जालन्याच्या दिशेने गेल्या. १७ तारखेला संध्याकाळी निजामाने युद्धबंदी जाहीर केली आणि १८ तारखेला संस्थानाचे सेनापती एल इद्रूस यांनी चौधरींपुढे शरणागती पत्करली.

मोहीम इतकी वेगाने झाली की लष्कराच्या दृष्टीने ती आदर्श ठरावी. कारभाराच्या दृष्टीने मात्र याच वेगातून पहिले मोठे संकट उभे राहिले. फौज मुख्य रस्त्यांनी राजधानीकडे धावत होती. रस्त्याच्या आत दहा-बारा कोसांवरच्या गावांत जुना अमीन, म्हणजे पोलीस ठाण्याचा अधिकारी, पळून तरी गेला होता किंवा निष्प्रभ झाला होता. नवा अधिकारी अजून पोचायचा होता. ज्याच्या नावाने गाव भीत होते तो एका दिवसात नाहीसा झाला आणि त्याच्या जागी कायद्याच्या नावाने उभा राहणारा कोणीच नव्हता. अशा काळात आधीच्या अत्याचारांचा सूड घेण्याची संधी साधली जाते, आणि ज्यांचा त्या अत्याचारांशी काडीचा संबंध नव्हता तेच बहुतेक वेळा बळी पडतात.

येथे नेमके तसेच झाले. केंद्र सरकारने पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांची समिती पाठवली. समितीने १९४८ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये सोळापैकी नऊ जिल्हे पाहिले. कारवाईच्या वेळी आणि त्यानंतर २७ हजार ते ४० हजार माणसे मारली गेली, असा तिचा अंदाज होता. हे बळी मुख्यतः मुसलमान होते. सर्वाधिक हानी उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांत झाली असे समितीने लिहिले. यांपैकी दोन जिल्हे आजच्या मराठवाड्यातले आहेत. हल्लेखोरांत स्थानिक लोक होते आणि सरहद्दीपलीकडून आलेली सशस्त्र माणसेही होती. काही ठिकाणी सैन्यातील आणि पोलिसांतील लोकांनी लुटीत व हत्यांत भाग घेतला, असेही समितीने नोंदवले. काही अधिकाऱ्यांनी जिवाची बाजी लावून लोकांना वाचवले, हेही त्याच अहवालात आहे. सरदार पटेलांना हा अहवाल मान्य नव्हता. तो प्रसिद्ध झाला नाही आणि अभ्यासकांना दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात तो २०१३ च्या सुमारास खुला झाला.

लष्करी अंमलाचा अभ्यास करणाऱ्याने हा भाग वगळू नये असे मला मनापासून वाटते. पराभूत प्रदेशात शिरणाऱ्या सैन्यावर पहिले कर्तव्य सार्वजनिक सुव्यवस्था राखण्याचे असते. १९०७ च्या हेग नियमावलीतील त्रेचाळिसावे कलम हेच सांगते, आणि शक्य तोवर त्या प्रदेशातील चालू कायदे तसेच ठेवावेत अशी पुस्तीही जोडते. दिल्लीने हे कलम हैदराबादला लागू मानले नाही, कारण परक्या देशाचा प्रश्नच नव्हता. परंतु त्या कलमामागची व्यावहारिक शहाणीव कोणत्याही ताब्याला लागू पडते. ठाणे रिकामे पडण्यापूर्वी तेथे बसणारा माणूस तयार हवा. मुंबई, मद्रास आणि मध्य प्रांत-वऱ्हाडातून मुलकी अधिकारी उसने घेण्यात आले होते, पण ते फौजेच्या मागून आले, आणि या मधल्या दिवसांची किंमत उस्मानाबाद-लातूरकडच्या गावांनी मोजली.

सत्ता कोणाच्या नावाने

आता या प्रकरणाचा गाभा. जिंकणाऱ्यापुढे सामान्यतः दोन वाटा असतात. १९४५ च्या जूनमध्ये दोस्त राष्ट्रांनी जर्मनीत सर्वोच्च सत्ता उघडपणे स्वतःकडे घेतली, कारण ज्याच्यामार्फत राज्य चालवावे असे सरकारच तेथे उरले नव्हते. जपानमध्ये मात्र सम्राट आणि मंत्रिमंडळ जागेवर ठेवून मॅकआर्थर त्यांच्याकरवी कारभार करवून घेत होते. हैदराबादमध्ये दुसरी वाट धरली गेली, पण तिला एक वळण देऊन. येथे मंत्रिमंडळ ठेवले नाही, राजा तेवढा ठेवला.

निजाम मीर उस्मान अली खान यांनी १९ सप्टेंबर १९४८ च्या फरमानाने राज्यकारभाराचा सर्व अधिकार लष्करी राज्यपालाला, म्हणजे जनरल चौधरींना दिला. कागदोपत्री चौधरी निजामाच्या इच्छेने कारभार करत होते. प्रत्यक्षात निजामाला ती इच्छा नाकारण्याची सोय नव्हती, हे किंग कोठी या त्याच्या निवासस्थानातल्या पहारेकऱ्यालाही कळत असावे. तरीही या कागदाचा उपयोग फार मोठा होता. हैदराबादची तक्रार संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे गेलेली होती, आणि सप्टेंबरातच निजामाने ती मागे घेत असल्याचे कळवले. सार्वभौम म्हणवणाऱ्यानेच अधिकार सोपवल्यावर बाहेरच्यांना बोलायला जागा कमी उरली. दुसरे असे की गावचा पटवारी, तहसिलीचा कारकून, कोर्टाचा पेशकार यांना कोणाशीही निष्ठा बदलावी लागली नाही. काल ज्या नावाने हुकूम निघत होते, आजही त्याच नावाने निघत होते. म्हणूनच आमच्या पेटीतले खरेदीखत उर्दूत आणि फसली सालात आहे. महसुलाची वसुली, खरेदी-विक्रीची नोंद, शेतसाऱ्याच्या पावत्या यांत खंड पडला नाही.

बदल वरच्या थरात झाला. चौधरींच्या हाताखाली मुख्य मुलकी प्रशासक म्हणून मुंबई प्रांतातील सनदी अधिकारी डी. एस. बखले आले. जिल्ह्याचा अव्वल तालुकदार, म्हणजे कलेक्टर, आणि पोलिसांचा मोहतमीम या जागांवर बाहेरचे अधिकारी बसवण्यात आले. त्याखालची यंत्रणा बव्हंशी जुनी राहिली. अशा रचनेत एक अडचण ठरलेली असते. नवा कलेक्टर इंग्रजी जाणणारा, कदाचित मराठीही जाणणारा, पण दफ्तर सगळे उर्दूत. सातबाऱ्याऐवजी वेगळेच नमुने, जहागिरीच्या गावांचे हिशोब तर जहागीरदाराच्या कारभाऱ्याकडेच. त्यामुळे साहेबाला काय दाखवायचे आणि काय नाही, हे पुष्कळदा जुना कारकूनच ठरवत असे. जो अंमल वरच्या जागा बदलून खालची यंत्रणा तशीच ठेवतो, त्याला गती मिळते, पण खालच्या माणसाच्या डोळ्यांनीच त्याला गाव पाहावे लागते.

याच्या उलट टोकाचा दाखला इराकचा आहे. मे २००३ मध्ये तेथील ताबा प्रशासनाने संपूर्ण सैन्य एका आदेशाने बरखास्त केले आणि सत्ताधारी पक्षाच्या वरच्या श्रेणीतील लोकांना नोकरीतून काढले. शस्त्र चालवता येणारे लाखो लोक पगाराविना रस्त्यावर आले. हैदराबादमध्ये रझाकार संघटनेवर बंदी आली, हजारो लोक अटकेत गेले, संस्थानी फौज मोडली, पण मुलकी यंत्रणा मोडली नाही. मराठवाड्यात मोठा सशस्त्र प्रतिकार उभा राहिला नाही, त्याचे हे एक कारण आहे. तेलंगणात कम्युनिस्टांचा लढा १९५१ पर्यंत चालला, पण तो आधीपासूनचा होता आणि त्याची मुळे जमिनीच्या प्रश्नात होती.

आठ दिवसांतले दोन कागद

फरमानाच्या आडून राज्य करण्याला मर्यादा कोठे पडते, हे जहागिरींच्या प्रकरणात स्वच्छ दिसते. संस्थानातील सुमारे साठ टक्के जमीनच दिवाणी, म्हणजे थेट सरकारी महसुलाखाली होती. उरलेली जहागीरदार, पायगा म्हणून ओळखली जाणारी बडी सरदार घराणी आणि निजामाची खाजगी मिळकत असलेल्या सर्फ-ए-खास यांच्यात वाटलेली होती. सर्फ-ए-खास १९४९ च्या फेब्रुवारीत निजामाच्याच फरमानाने दिवाणीत विलीन झाली आणि त्याला भरपाई ठरवून देण्यात आली. जहागिरींचा प्रश्न अधिक अवघड होता, कारण तेथे शेकडो घराण्यांचे हक्क जाणार होते आणि ते न्यायालयात जाणार हे उघड होते.

येथे कोणाच्या तरी ध्यानात आले असावे की १९ सप्टेंबरच्या फरमानात कारभाराचा अधिकार दिला आहे, पण कायदे करण्याचा दिला आहे काय? कारभार पाहणे वेगळे आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा हक्क नवा कायदा करून काढून घेणे वेगळे. म्हणून ७ ऑगस्ट १९४९ रोजी निजामाचे आणखी एक फरमान निघाले. पूर्वी दिलेल्या सर्व अधिकारात विनियम करण्याचा अधिकारही समाविष्ट आहे आणि तो आरंभापासूनच समाविष्ट होता, असे त्यात स्पष्ट केले. त्यानंतर लगेच जहागीर निर्मूलन विनियम जारी झाला आणि १५ ऑगस्ट १९४९ पासून अंमलात आला. आठ दिवसांच्या आत आलेल्या या दोन कागदांनी मराठवाड्यातल्या असंख्य गावांचा मालक बदलला.

एका जहागिरीच्या हक्कदाराने हे प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेले आणि निकाल १९६० साली लागला. फरमान दबावाखाली काढले होते म्हणून ते निरर्थक आहे, हा युक्तिवाद न्यायालयाने मानला नाही. निजाम त्या वेळी कायद्याच्या दृष्टीने निरंकुश सत्ताधीश होता, त्याचा शब्द हाच कायदा होता, आणि त्याने तो शब्द कोणत्या मनःस्थितीत उच्चारला हे न्यायालय तपासू शकत नाही, असा त्याचा रोख होता. मला हा निकाल फार बोलका वाटतो. जनतेने ज्या निरंकुश सत्तेविरुद्ध लढा दिला, तिच्याच निरंकुशतेच्या आधारावर त्या सत्तेचा पाया असलेली जहागीरदारी कायदेशीरपणे मोडता आली.

हेग नियमावलीच्या चौकटीत ताबा घेणाऱ्याला इतका खोल बदल करण्याचा अधिकार नसतो. लष्करी राज्यपालाला तो मिळाला, कारण तो परक्या देशाचा ताबा घेणारा म्हणून नव्हे तर स्थानिक सार्वभौमाचा प्रतिनिधी म्हणून उभा होता.

अंमल कसा संपला

लष्करी अंमल संपला ती एकच तारीख सांगता येत नाही. तो तुकड्यांनी संपला, आणि प्रत्येक तुकड्याची परीक्षा वेगळी आहे. ठाण्यावरचा अधिकारी कोण नेमतो, शिक्षा झालेल्याला कोणाकडे अपील करता येते, पैसा कोणाच्या नावाचा चालतो आणि सरकारला कोण पाडू शकते, हे चार प्रश्न विचारले की कोणत्याही ताब्याची खरी अवस्था कळते.

पहिला तुकडा १ डिसेंबर १९४९ रोजी निघाला. चौधरी गेले आणि सनदी अधिकारी एम. के. वेल्लोडी मुख्यमंत्री झाले. गणवेश गेला, पण वेल्लोडी निवडून आलेले नव्हते. ते दिल्लीने पाठवलेले होते. स्टेट काँग्रेसला लोकांचे मंत्रिमंडळ ताबडतोब हवे होते, पण स्वामी रामानंद तीर्थ आणि बुर्गुल रामकृष्णराव यांच्या अनुयायांत एकमत नव्हते, आणि दिल्लीला तेवढे निमित्त पुरले. १९५० च्या जूनमध्ये काँग्रेसचे चार मंत्री घेतले गेले आणि त्यांत आपल्याकडचे फुलचंद गांधी होते. ताबा मिटण्याच्या वाटेवर बिनलोकप्रतिनिधी मुलकी सरकारचा असा एक टप्पा बहुतेक ठिकाणी लागतो. सैनिक गेल्यामुळे बाहेरच्यांना तो शेवट वाटतो. तेथे राहणाऱ्यांना तो वाटत नाही.

दुसरा तुकडा घटनेचा. नोव्हेंबर १९४९ मध्ये निजामाने फरमान काढून भारताची राज्यघटना संस्थानासाठी स्वीकारली, आणि २६ जानेवारी १९५० पासून तो राजप्रमुख, म्हणजे राज्याचा घटनात्मक प्रमुख झाला. या दिवसापासून त्याचा शब्द कायदा राहिला नाही. नागरिकाला मूलभूत हक्क आणि सर्वोच्च न्यायालय मिळाले. लष्करी काळात नेमलेल्या विशेष न्यायाधिकरणांपुढे मात्र काही खटले त्या तारखेनंतरही चालूच होते. लातूरचा वकील आणि रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी याचा खटला अशाच न्यायाधिकरणापुढे चालला. घटनेने समानतेचा हक्क दिल्यावर ही वेगळी कार्यपद्धती चालू ठेवता येते काय, हा प्रश्न त्याने सर्वोच्च न्यायालयात उपस्थित केला. १९५३ मध्ये निकाल त्याच्याविरुद्ध गेला, पण न्यायमूर्तींत मतभेद होते. ज्याच्या नावाने मराठवाडा थरकापत होता त्यालाही हा प्रश्न विचारण्याची जागा मिळाली आणि त्यावर गंभीरपणे विचार झाला. लष्करी राजवट न्यायाच्या क्षेत्रातून मागे हटल्याची ही खरी खूण मानावी लागेल.

नाण्याचा तुकडा हळू निघाला. हाली रुपयावर चारमिनारचे चित्र होते आणि तिच्या कमानीत निजामाच्या नावाचे आद्याक्षर होते. सात हाली म्हणजे सहा कलदार, म्हणजे भारत सरकारचे रुपये, हा हिशोब बाजारात पोराबाळांनाही पाठ असे. हाली एकदम रद्द केला असता तर व्यापार कोलमडला असता, म्हणून तो कलदाराबरोबर पुढे काही वर्षे चालू राहिला. रेल्वे आणि करोडगिरी, म्हणजे संस्थानची जकात, यांचेही तसेच टप्प्याटप्प्याने झाले.

चौथा आणि सर्वांत महत्त्वाचा तुकडा १९५२ चा. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत विधानसभेच्या १७५ जागांसाठी मतदान झाले, काँग्रेसला ९३ जागा मिळाल्या आणि ६ मार्च १९५२ रोजी बुर्गुल रामकृष्णराव मुख्यमंत्री झाले. आता सरकार पाडण्याचे बळ विधानसभेकडे आले. चौधरींच्या शरणागती स्वीकारण्यापासून येथपर्यंत साडेतीन वर्षे लागली.

जे मागे राहिले

लष्कर गेले तरी उसने घेतलेले अधिकारी आणि कर्मचारी राहिले. संस्थानात १९१९ पासून मुल्की नियम होते आणि सरकारी नोकरीवर मुल्की, म्हणजे संस्थानातल्या रहिवासी माणसाचा हक्क मानला जाई. लष्करी काळात बाहेरून आलेल्यांना नेमताना हे नियम सैल झाले, आणि पुढे बनावट मुल्की दाखल्यांच्या तक्रारी वाढल्या. निवडणूक होऊन सहा महिनेही उलटले नव्हते तोच १९५२ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये विद्यार्थ्यांनी आंदोलन केले आणि हैदराबाद शहरात पोलिसांच्या गोळीबारात माणसे मेली. घाईच्या काळात केलेल्या नेमणुकांचा वाद लोकनियुक्त सरकारच्या गळ्यात पडला होता. तेलंगणात तो पुढे कित्येक दशके धुमसत राहिला. मराठवाड्याची वाट वेगळी झाली, कारण १ नोव्हेंबर १९५६ रोजी संस्थानच उरले नाही. आपले पाच जिल्हे मुंबई राज्यात गेले, राजप्रमुखपद संपले आणि ज्या फरमानाने लष्करी राज्यपालाला अधिकार दिला होता त्याचा कर्ता एक खाजगी नागरिक झाला.

जीव गमावलेल्यांचा हिशोब मात्र कोणत्याही तुकड्यात मिटला नाही. रझाकारांनी मारलेल्यांची स्मारके मराठवाड्यात आहेत आणि त्यांच्यापुढे दर १७ सप्टेंबरला आम्ही मान झुकवतो. नंतरच्या त्या दिवसांत मारल्या गेलेल्यांच्या नावांची अशी यादी धाराशिव, लातूर किंवा नांदेडच्या कोणत्याही गावात माझ्या पाहण्यात आलेली नाही. आमच्या पेटीतल्या खरेदीखतावर साक्षीदारांत एक उर्दू सही आहे, गावच्याच एका माणसाची. त्याच्यानंतरच्या कोणत्याही कागदावर ती सही पुन्हा दिसत नाही, आणि तो माणूस शहरात निघून गेला की गेलाच नाही, हे सांगू शकणारे आज घरात कोणी उरलेले नाही.